जो आलाच नाही, त्याची ओळ कुठे आहे?

महिना संपला की टाइम ऑफिसात एक फाइल उघडली जाते. गेटवरच्या बायोमेट्रिक मशिनवर महिनाभर जितक्या वेळा अंगठा लागला, तितक्या ओळी तिच्यात असतात. साहेबांना हवा असतो चार ओळींचा तक्ता: कुठल्या विभागाची हजेरी किती टक्के. फाइल एक्सेलमध्ये घेऊन पिव्हट टेबल लावला की असा तक्ता दोन मिनिटांत मिळतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. चूक पिव्हटची नसते. पिव्हट ओळींचे गट पाडून त्यांची मोजणी किंवा बेरीज करतो, एवढंच त्याचं काम. पण मशिनच्या फाइलमधली ओळ म्हणजे हजेरी नव्हे. एका माणसाने एका क्षणी मशिनला बोट लावलं, एवढंच ती ओळ सांगते. चहाला बाहेर जाऊन आलेल्या माणसाचे दिवसाला सहा पंच पडतात, म्हणून त्याची हजेरी सहापट होत नाही.

उदाहरणासाठी चाळीस माणसांचा एक कारखाना धरू. मशीन शॉपमध्ये 14 जण, हीट ट्रीटमेंटला 6, असेंब्लीत 12 आणि ऑफिसात 8. महिना जुलै 2025. दिवस 31, रविवार चार. त्या वर्षी आषाढी एकादशी रविवारीच आल्याने वेगळी सुटी पडली नाही, म्हणून कामाचे दिवस 27. दिवसपाळी सकाळी नऊची. हीट ट्रीटमेंटची भट्टी मात्र रात्री चालते, त्यामुळे ते सहा जण रात्री दहाला येतात आणि सकाळी सहाला सुटतात.

पहिला घोळ फाइल उघडतानाच होतो. मशिन तारीख आपल्या पद्धतीने लिहितं, आधी दिवस आणि मग महिना. कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल, तर फाइलवर डबल क्लिक करताच एक्सेल 08-07-2025 ही तारीख 7 ऑगस्ट समजतं. 1 ते 12 जुलै हे बारा दिवस बारा महिन्यांत विखुरतात आणि त्यांतला फक्त 7 जुलै जागेवर राहतो. 13 तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. हे ओळखायला सोपं आहे. खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसले की थांबावं. एकदा उलटलेली तारीख नंतर सरळ करत बसू नये. मूळ फाइल पुन्हा `Data` मधून आत घ्यावी आणि तारखेचा क्रम `DMY` असल्याचं तिथेच सांगावं.

तारखा नीट झाल्या की रात्रपाळीचा प्रश्न येतो. हीट ट्रीटमेंटमधल्या 17 क्रमांकाच्या कामगाराच्या या चार ओळी पाहा:

```
17   07-07-2025 21:52
17   08-07-2025 06:08
17   08-07-2025 21:50
17   09-07-2025 06:10
```

हा माणूस सोमवारी रात्री आला, मंगळवारी सकाळी गेला, मंगळवारी रात्री पुन्हा आला. कॅलेंडरच्या तारखेने हिशेब केला तर सोमवारी त्याचा एकच पंच दिसतो. मंगळवारी पहिला पंच सकाळी 6.08 चा आणि शेवटचा रात्री 9.50 चा, म्हणजे 15 तास 42 मिनिटं काम! दोन्ही दिवस खोटे. शनिवारी रात्री आलेला माणूस रविवारी सकाळी बाहेर पडतो, तर त्याच्या नावावर रविवारची हजेरीही लागते.

यावर उपाय साधा आहे. दिवस मध्यरात्री बदलायचा नाही, गेटवर कोणीच नसतं अशा वेळी बदलायचा. या कारखान्यात रात्रपाळीवाले सव्वासहापर्यंत निघून जातात आणि दिवसपाळीचे पावणेनऊच्या आधी येत नाहीत. मधली साडेसातची वेळ मोकळी आहे. म्हणून प्रत्येक पंचाच्या वेळेतून साडेसात तास वजा करायचे आणि जी तारीख उरेल तो हजेरीचा दिवस मानायचा. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे पूर्णांक आणि वेळ म्हणजे त्याचा अपूर्णांक, त्यामुळे अपूर्णांक कापला की काम झालं:

```
=INT([@Vel]-TIME(7,30,0))
```

आता सोमवारची हजेरी 21.52 ते 6.08, म्हणजे 8 तास 16 मिनिटं, आणि मंगळवारची 8 तास 20 मिनिटं. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. 31 जुलैच्या रात्रपाळीचा सुटण्याचा पंच 1 ऑगस्टच्या सकाळी पडतो. म्हणून मशिनमधून नोंदी काढताना 1 ऑगस्टचा दिवसही घ्यावा, नाहीतर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहाही जणांचे पंच अपुरे दिसतात. हा उपाय सगळीकडे चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तीन पाळ्या पाठोपाठ चालणाऱ्या कारखान्यात एक पाळी सकाळी सातला सुटते आणि दुसरी त्याच वेळी आत येते. तिथे मोकळी वेळच सापडत नाही. पाळीचं वेळापत्रक सोबत घेऊन माणूसवार हिशेब करावा लागतो.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मशिन फक्त आलेल्यांची नोंद ठेवतं. जो आला नाही त्याची ओळ फाइलमध्ये नसते, आणि नसलेली ओळ पिव्हट मोजू शकत नाही. असेंब्लीतली एक बाई पूर्ण जुलै बाळंतपणाच्या रजेवर आहे, असं समजा. मशिनच्या नोंदींत तिचा क्रमांक एकदाही येणार नाही. असेंब्लीत अकराच माणसं दिसतील. त्या अकरा जणांचे हजर दिवस 280.5 भरले, तर 297 पैकी 94.4 टक्के. प्रत्यक्षात विभाग बारा जणांचा आहे. 324 दिवस अपेक्षित आणि हजेरी 86.6 टक्के. एका माणसाच्या ओळी नाहीत म्हणून जवळजवळ आठ टक्क्यांचा फरक. रजा हजेरीच्या हिशेबात धरायची की वेगळ्या रकान्यात दाखवायची, हे व्यवस्थापनाने ठरवावं. पण ठरवण्यासाठी आधी ती रजा कागदावर दिसली पाहिजे.

म्हणून तक्त्याचा पाया मशिनच्या फाइलवर घालायचा नाही, मस्टरवर घालायचा. चाळीस कामगारांची यादी घ्या, त्यांचे विभाग सोबत असू द्या, आणि प्रत्येकासमोर कामाचे 27 दिवस मांडा. 1080 ओळी होतात. हातानेही करता येतं. पॉवर क्वेरी येत असेल तर यादीत एक रकाना वाढवून त्यात ही ओळ लिहायची, तो उलगडायचा, तारखेचं रूप द्यायचं आणि रविवार गाळायचे:

```
{Number.From(#date(2025,7,1))..Number.From(#date(2025,7,31))}
```

मग प्रत्येक ओळ मशिनच्या नोंदींना विचारते, या माणसाचा या दिवशी पहिला पंच कधीचा आणि शेवटचा कधीचा? एक्सेल 2019 पासून त्यासाठी दोन सूत्रं आहेत:

```
=MINIFS(Log[Vel],Log[ID],[@ID],Log[Divas],[@Divas])
=MAXIFS(Log[Vel],Log[ID],[@ID],Log[Divas],[@Divas])
```

पंच नसेल तर उत्तर शून्य येतं. तेच शून्य गैरहजेरी दाखवतं. दोन वेळांतला फरक 24 ने गुणला की तास मिळतात. पुढचा नियम कारखान्याचा. आपण सहा तास किंवा जास्त म्हणजे पूर्ण दिवस आणि त्याहून कमी म्हणजे अर्धा दिवस धरू.

अर्ध्या तासापेक्षा कमी फरक आला, तर मात्र तो दिवस `Hajar` मध्ये शून्य ठेवायचा आणि `Chuk` नावाच्या वेगळ्या रकान्यात 1 लिहायचा. माणूस आला होता, पण त्याचा एक पंच हरवलाय, एवढाच त्याचा अर्थ. इथे पंचांची संख्या बघून चालत नाही. पहिल्यांदा बोट नीट लागलं नाही असं वाटून माणूस लगेच दुसऱ्यांदा लावतो, आणि एकाच वेळचे दोन पंच पडतात. तपासायचं ते दोन पंचांमधलं अंतर. `Hajar` रकान्यात ‘तपासा’ असा शब्दही लिहू नये. अंकांच्या रकान्यात एक जरी शब्द आला, तरी पिव्हट बेरीज सोडून आपणहून मोजणी करायला लागतो.

मशिनवर बोट नोंदवलेलं असूनही यादीत नसलेला माणूस या मांडणीत गळतो, आणि रविवारी ओव्हरटाइमला आलेलाही. म्हणून मशिनच्या फाइलमध्ये `COUNTIF` लावून यादीत नसलेले क्रमांक बाजूला काढावेत आणि रविवारचे दिवस वेगळे मोजावेत. हे काम पाच मिनिटांचं आहे.

आता पिव्हट. ओळींत विभाग, आणि आकड्यांत `Hajar`, `Apekshit` व `Chuk` यांच्या बेरजा. `Apekshit` मध्ये प्रत्येक ओळीला 1 असतो, त्यामुळे त्याची एकूण बेरीज 1080 आलीच पाहिजे. नाही आली तर पुढे जाऊ नका. टक्केवारी बाहेरच्या रकान्यात काढण्यापेक्षा पिव्हटच्या आतच `Calculated Field` म्हणून `=Hajar/Apekshit` असं लिहावं. पिव्हट आधी दोन्हींची बेरीज करतो आणि मग भागाकार, त्यामुळे खालची एकूण टक्केवारीही बरोबर येते. चार विभागांच्या टक्क्यांची सरासरी काढली तर आठ जणांच्या ऑफिसला चौदा जणांच्या मशीन शॉपइतकंच वजन मिळतं. एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांत नोंदी बदलल्या की पिव्हट आपोआप बदलत नाही. `Refresh` करावं लागतं.

आपल्या उदाहरणात मशीन शॉपची हजेरी 378 पैकी 351 दिवस, म्हणजे 92.9 टक्के. हीट ट्रीटमेंट 162 पैकी 139.5, म्हणजे 86.1 टक्के. एवढाच कागद वर गेला तर रात्रपाळीचे लोक दांड्या मारतात असं कोणीही म्हणेल. पण शेजारच्या `Chuk` रकान्यात त्यांच्यासमोर 11 आहे, आणि बाकी तिन्ही विभागांसमोर शून्य. भट्टीतून काढलेला भाग तेलात बुडवून थंड करतात. ते तेल रात्रभर हातांना लागतं. कामाने बोटांच्या रेषा झिजतात, आणि सकाळी सहाला मशिन अशी बोटं ओळखत नाही. सुपरवायझरच्या वहीत त्या अकराही रात्री पूर्ण भरल्याचं आढळलं, तर हजेरी 162 पैकी 150.5 होते. म्हणजे 92.9 टक्के, अगदी मशीन शॉपइतकी.

तेव्हा हजेरीचा तक्ता बनवणाऱ्यांना एकच विनंती. चुकलेल्या पंचांचा रकाना तक्त्यातून काढून टाकू नका, आणि तो विभागाच्या सुपरवायझरकडून तपासून आल्याशिवाय पगाराच्या हिशेबाला हात लावू नका.