समुद्राखालून प्रकाश हजारो किलोमीटर जातो कसा?

परदेशातल्या सर्व्हरवरचा व्हिडिओ मोबाइलवर उघडला की तो उपग्रहावरून येत असावा, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात खंडाखंडांमधली बहुतांश इंटरनेट वाहतूक समुद्रतळावरच्या केबलमधून होते. मुंबईत वर्सोव्याला अशा अनेक केबल किनाऱ्याला लागतात.

केबलच्या आत काय असते?

खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. तिच्या मधोमध केसासारखे बारीक काचतंतू असतात. तंतूचा गाभा एका प्रकारच्या काचेचा आणि त्याभोवतीचा थर किंचित वेगळ्या काचेचा असतो. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश बाहेर न पडता गाभ्यातूनच पुढे जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या अवरक्त प्रकाशात सेकंदाला अब्जावधी वेळा बदल करून माहिती पाठवली जाते.

प्रकाश वाटेत विझत नाही का?

काच कितीही शुद्ध असली तरी साधारण 15 किलोमीटरनंतर प्रकाश निम्मा उरतो. 30 किलोमीटरवर पाव, 60 किलोमीटरवर सोळावा हिस्सा. असेच चालू राहिले, तर 300 किलोमीटरवर दहा लाखांतला जेमतेम एक भाग पोहोचेल. म्हणून केबलमध्ये साधारण दर 60 ते 100 किलोमीटरवर ‘रिपीटर’ बसवतात. त्यात एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचतंतूचा छोटा तुकडा असतो. छोटा लेसर एर्बियमच्या अणूंना आधीच ऊर्जा देऊन ठेवतो. क्षीण झालेला संदेश तिथून जाताना हे अणू ती ऊर्जा तशाच प्रकाशाच्या रूपात सोडतात आणि संदेश पुन्हा तेजस्वी होतो. या लेसरला लागणारी वीज किनाऱ्यावरून, केबलमधल्याच तांब्याच्या थरातून येते.

केबल तुटली तर जागा कशी सापडते?

जगभरात वर्षाला सुमारे 150 ते 200 बिघाड होतात. त्यांतले बहुतेक मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे होतात. अशा वेळी किनाऱ्यावरून प्रकाशाचा एक झोत सोडतात आणि तुटल्या जागेवरून त्याचा ‘प्रतिध्वनी’ परत यायला किती वेळ लागला, हे मोजतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर असतो. समजा, प्रतिध्वनी 4 मिलिसेकंदांनी आला. तेवढ्या वेळात प्रकाश जाऊन-येऊन 800 किलोमीटर फिरला. म्हणजे केबल किनाऱ्यापासून 400 किलोमीटरवर तुटली आहे.

मग दुरुस्ती जहाज तिथे जाते, आकड्याने केबलची टोके वर ओढते आणि मध्ये नवा तुकडा टाकून काचतंतू एकेक करून वितळवून जोडते. जोडकाम काही तासांचे असते. पण जहाज पोहोचणे, परवानग्या मिळणे आणि समुद्र शांत होणे यांत आठवडेही जातात. तोवर वाहतूक दुसऱ्या केबलवर वळवली जाते. त्या केबलवर गर्दी झाली, की मोबाइलवरचा व्हिडिओ अडखळतो.