एक एलईडी, दोन चिप

एलईडीची उघडझाप करायची, एवढंच काम. त्यासाठी इंटेलचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर घेतला, तर त्यात प्रोग्रॅम ठेवायला जागाच नाही. बाहेरून रॉम जोडा, एलईडीसाठी ८२५५सारखी पोर्टची चिप जोडा, पत्ता धरून ठेवायला लॅचही लावा.

१९८० साली आलेल्या ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, टायमर आणि पोर्ट एकाच चिपमध्ये आहेत. क्रिस्टल, रीसेटचे सुटे भाग आणि ५ व्होल्ट पुरतात. फक्त ३१ क्रमांकाची ‘ईए’ पिन ५ व्होल्टला जोडलेली हवी. ती ग्राउंडला लागली, तर चिप आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरची मेमरी वाचू लागते आणि एलईडी ढिम्म राहतो. प्रोग्रॅम बरोबर असूनही!

पण १२८ बाइटमध्ये मोबाइलवरचा साधा फोटोही मावत नाही. संगणकात मायक्रोप्रोसेसर लागतो तो यासाठीच. त्याला बाहेरून कित्येक गिगाबाइट रॅम जोडता येते.