मराठी घरातला इंग्रजी पासवर्ड मॅनेजर

पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद साठ्यात ठेवणारा प्रोग्राम. या साठ्याला व्हॉल्ट म्हणतात आणि तो उघडणाऱ्या एकमेव पासवर्डला मास्टर पासवर्ड. बिटवॉर्डन हा अशांपैकी एक. घरगुती वापरासाठी तो फुकट मिळतो आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये तसाच फोनवरही चालतो. मराठी माणूस तो बहुधा इंग्रजीतूनच वापरतो. त्यातले बहुतेक इंग्रजी सोपे आहे. अडचण होते ती मोजक्या सूचनांपाशी, कारण तिथे घाईने बटण दाबले तर काही वेळा मागे फिरता येत नाही.

अशी पहिली सूचना खाते उघडतानाच समोर येते: Your master password cannot be recovered if you forget it! बँकेचा पासवर्ड विसरला तर ओटीपी येतो, शाखेत अर्ज देता येतो. त्या सवयीमुळे हेही नेहमीचेच वाक्य समजून लोक पुढे जातात. पण इथे ते शब्दशः खरे आहे. मास्टर पासवर्डपासून एक किल्ली तयार होते, ती वापरकर्त्याच्या स्वतःच्या यंत्रावर, लाखो वेळा गणित फिरवून. साठा त्या किल्लीने बंद होतो आणि कंपनीकडे जातो तो फक्त बंद साठा. मास्टर पासवर्ड कंपनीला कधी कळतच नाही, म्हणून तो परत देणेही तिला शक्य नाही.

दुसरी सूचना गोंधळ उडवणारी आहे. निवडलेला पासवर्ड पूर्वी कुठल्या तरी संकेतस्थळावरून फुटलेल्या यादीत सापडला, तर Exposed Master Password असा मथळा दिसतो. आपले खाते कोणी फोडले, असा त्याचा अर्थ नाही. तोच पासवर्ड चोरांच्या याद्यांमध्ये आधीपासून आहे, एवढेच ती सूचना सांगते. खाली प्रश्न असतो तो तरीही हाच वापरायचा का, असा. म्हणजे इथे Yes दाबणे म्हणजे इशारा बाजूला सारणे. बरोबर उत्तर No, आणि मग नवा पासवर्ड.

तो नवा पासवर्ड किमान 12 अक्षरांचा लागतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द ओळीने घेणे उत्तम; ते परक्या भाषेतल्या शब्दांपेक्षा चांगले लक्षात राहतात. मात्र ते देवनागरीत टाइप करू नयेत. ‘दऱ्या’ हा शब्द एक कीबोर्ड नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून लिहितो, तर दुसरा साधा ‘र’ आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे पासवर्ड आहेत. पासवर्डच्या रकान्यात तर अक्षरांऐवजी ठिपकेच दिसतात, त्यामुळे चूक शोधायलाही जागा उरत नाही. शिवाय उसन्या संगणकावर देवनागरी कीबोर्ड असेलच असे नाही.

म्हणून मराठी शब्द, पण रोमन अक्षरांत. इथेही एक खाच आहे. ‘पाऊस’ हा कोणी paus लिहील, कोणी paaus, कोणी pauus. आज एक स्पेलिंग आणि सहा महिन्यांनी दुसरे, असे झाले की दार उघडत नाही. शब्द ठरवतानाच त्यांचे नेमके स्पेलिंग कागदावर लिहावे आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवावा. ई-मेलचा पासवर्डही त्याच कागदावर असावा, कारण नव्या यंत्रावरून प्रवेश करताना बिटवॉर्डन ई-मेलवर कोड पाठवू शकतो. ई-मेलची किल्ली फक्त साठ्यातच असली तर दोन्ही दारे एकमेकांची वाट पाहत बसतात.

साठवण्याचे काम त्यामानाने सोपे. महावितरणच्या ग्राहक पोर्टलवर पहिल्यांदा प्रवेश केला की कोपऱ्यात विचारणा येते: पासवर्ड साठवायचा का? बऱ्याचदा अशा दोन विचारणा येतात, एक बिटवॉर्डनची आणि एक खुद्द ब्राउझरची. दोन्हीकडे Save दाबले तर पासवर्ड दोन ठिकाणी राहतो, आणि पुढे बदलला की एका ठिकाणी जुनाच उरतो. ब्राउझरची विचारणा त्याच्या सेटिंगमधून बंद करणे हा सरळ उपाय. पासवर्ड बदलल्यावर Update असे विचारले जाते, तेव्हा होकार द्यावा. Save करून नवी नोंद केली तर एकाच पोर्टलच्या दोन नोंदी होतात. Never दाबले गेले तर ते संकेतस्थळ वगळलेल्यांच्या यादीत जाते आणि पुन्हा विचारणा येत नाही. सेटिंगमधल्या Excluded domains या यादीतून ते काढता येते.

पडदा इंग्रजी असला तरी नोंदीचे नाव मराठीत देता येते: ‘वीजबिल, गावचे घर’. घरातल्या इतरांना नोंद ओळखायला त्याने फार मदत होते. पत्त्याचा रकाना मात्र जसाच्या तसा राहू द्यावा, कारण आपोआप भरण्याचे काम त्याच्यावरच चालते.

हे काम असे चालते. नोंदीत wss.mahadiscom.in हा पत्ता असेल, तर बिटवॉर्डन नेहमीच्या रचनेत त्यातला mahadiscom.in हा मूळ भाग पाहतो आणि त्या मूळ भागाच्या पानांवरच ती नोंद सुचवतो. आता समजा, ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला आणि त्यातल्या दुव्याने mahadiscom.in.bill.example अशा पत्त्याचे पान उघडले. पान हुबेहूब तसेच दिसेल, पण त्याचा मूळ भाग पत्त्याच्या शेवटी आहे, bill.example. बिटवॉर्डन तिथे काहीच सुचवणार नाही. पासवर्ड मॅनेजरचे हे गप्प राहणे हाच त्याचा सर्वांत मोलाचा इशारा, आणि तो कुठल्याच भाषेत लिहिलेला नसतो. प्रोग्राम बिघडला असे समजून लोक नोंद शोधतात आणि पासवर्ड हाताने टाकतात. त्याहून वाईट म्हणजे ‘भरा आणि साठवा’ अशा अर्थाचा, Autofill and save हा पर्याय. त्याने खोटा पत्ताही नोंदीत जोडला जातो आणि पुढच्या वेळी तिथे पासवर्ड निमूटपणे सुचवला जातो. खऱ्या संकेतस्थळांचे पत्तेही कधी बदलतात. तेव्हा जुना दुवा न वापरता पत्ता स्वतः टाइप करून खात्री करावी आणि मगच नोंद दुरुस्त करावी.

शेवटची जोडी Lock आणि Log out यांची. Lock केले की साठा त्याच यंत्रावर बंद राहतो आणि आधी तशी सोय केली असेल तर बोटाच्या ठशानेही उघडतो. Log out केले की तो त्या यंत्रावरून निघून जातो. परत यायला मास्टर पासवर्ड लागतो. रोजच्यासाठी Lock पुरे. Log out हवे ते परक्या संगणकावर.

मास्टर पासवर्ड विसरला, तर हा फरक निर्णायक ठरतो. एखाद्या फोनवर साठा ठशाने उघडत असेल, तर त्या फोनवर Log out मुळीच दाबू नये. प्रत्येक नोंद उघडून पासवर्ड कागदावर उतरवून घ्यावेत. संपूर्ण साठा एकदम बाहेर काढायला मास्टर पासवर्डच मागितला जातो. पहिल्या दिवशी आठवणीची खूण, म्हणजे hint, लिहिली असेल तर ती ई-मेलवर मागवता येते. यातले काहीच हाती नसेल आणि आणीबाणीसाठी विश्वासातला माणूसही आधी नेमलेला नसेल, तर ई-मेलच्या आधारे खाते पुसून टाकणे आणि रिकाम्या साठ्याने पुन्हा सुरुवात करणे एवढाच मार्ग राहतो.