आधी लिखाण, मग बारसं

सिंक होणाऱ्या फोल्डरमधून अर्धवट फाइल हाती आली, की पहिला संशय नेटवर्कवर जातो. लाइन तुटली असेल, वायफाय गेलं असेल, फाइल निम्मी उतरली आणि तिथेच अडकली असेल. संशय स्वाभाविक असला तरी बहुतेक वेळा चुकीचा असतो. नेटवर्क तुटणार हे सिंकची साधनं बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं असतं आणि त्याचा बंदोबस्तही केलेला असतो.

सिंकथिंग हे मोफत, मुक्तस्रोत साधन बघा. दोन संगणकांवरचं एक फोल्डर ते सारखं ठेवतं. पलीकडून `vikri.csv` येत असते तेव्हा अलीकडच्या संगणकावर ती त्या नावाने उतरतच नाही. लिनक्सवर तिचं तात्पुरतं नाव `.syncthing.vikri.csv.tmp` असतं, विंडोजवर ते `~syncthing~` ने सुरू होतं. फाइल तुकड्यातुकड्यांनी येते, प्रत्येक तुकडा त्याच्या हॅशशी ताडून पाहिला जातो, आणि सगळे तुकडे जुळले की मगच फाइलला खरं नाव मिळतं. मध्येच वीज गेली तर `.tmp` पडून राहते. `vikri.csv` कालचीच, पण धड आणि पूर्ण असते. आरसिंकही मुळात हेच करतं: आधी ठिपक्याने सुरू होणारं, शेवटी सहा अगम्य अक्षरं जोडलेलं नाव, आणि काम संपल्यावर नामांतर. (`--inplace` हा पर्याय दिला की आरसिंक ही शिस्त सोडतं. मोठमोठ्या फाइलींत जागा वाचते म्हणून लोक तो वापरतात आणि मग वाचणाऱ्याला काय दिसेल याची हमी जाते.)

मग अर्धी फाइल येते कुठून? ती उगमापाशीच अर्धी असते. सिंकचं साधन हाही त्या फाइलचा एक वाचकच आहे, बहुधा सर्वांत पहिला. लिहिणाऱ्याची फाइल अर्ध्यावर असताना साधनाची नजर तिच्यावर पडली, तर ते तिची तेवढीच प्रत इमानेइतबारे पलीकडे पोचवतं. हॅश जुळतो, आकार जुळतो, सगळं जिथल्या तिथे. चूक फक्त एवढीच की मूळच अपुरं होतं.

हे नेमकं कसं घडतं, ते एका कल्पित पण रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणाने पाहू. गोदामातल्या लिनक्स संगणकावर पहाटे ५:५८ वाजता विक्रीचा अहवाल तयार होतो. आज्ञा एका ओळीची:

```
./ahwal > vikri.csv
```

या ओळीत पहिलं काम `ahwal` करत नाही, शेल करतं. `>` दिसताच शेल `vikri.csv` उघडतं आणि तिच्यातला मजकूर पुसून ती शून्य बाइटची करतं, आणि त्यानंतरच प्रोग्रॅम सुरू होतो. म्हणजे नवा अहवाल तयार व्हायच्या आधीच कालचा गेलेला असतो. पहिली ओळ यायला उशीर झाला, तर ही रिकामी फाइलसुद्धा सिंक होऊन पुढे जाऊ शकते.

आता प्रोग्रॅम लिहू लागतो. लिनक्सवर सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम फाइलीत लिहितो तेव्हा प्रत्येक ओळ लगेच बाहेर जात नाही. ती स्मृतीतल्या एका बफरमध्ये साठते आणि बफर भरला की सगळी एकदम बाहेर पडते. हा बफर सहसा ४०९६ बाइटचा असतो. अहवालाच्या ९०० ओळी आहेत आणि सोयीसाठी प्रत्येक ओळ ६० बाइटची धरू. सात बफर बाहेर पडले, म्हणजे २८,६७२ बाइट लिहून झाले, आणि पुढच्या शाखेचे आकडे मागताना डेटाबेस अडला, कारण रात्रीचा बॅकअप अजून चालू होता. दोन-अडीच मिनिटं सगळं ठप्प.

सिंकथिंग फोल्डरवर लक्ष ठेवून असतं, पण बदल दिसताच झडप घालत नाही. मूळ सेटिंगनुसार ते सुमारे दहा सेकंद बदल साठू देतं आणि मग फाइल वाचतं. वाचून झाल्यावर आकार आणि बदलाची वेळ पुन्हा बघतं. वाचता वाचता फाइल बदलली असेल तर तो हॅश टाकून देतं. चांगली खबरदारी आहे, पण आपल्या फाइलीत दोन मिनिटं काहीच बदलत नाही. ती स्वस्थ पडलेली आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला स्वस्थ फाइल व पूर्ण फाइल यांत फरक करता येत नाही. ती निघते.

सहा वाजता पलीकडच्या, कार्यालयातल्या संगणकावरचा प्रोग्रॅम ती उघडतो. २८,६७२ बाइटमध्ये ६० बाइटच्या ४७७ ओळी पूर्ण बसतात आणि ५२ बाइट उरतात. म्हणजे ४७८व्या ओळीची शेवटची आठ अक्षरं कापली गेली. ती ओळ `14250.00` या रकमेने आणि ओळ संपल्याच्या खुणेने संपायची होती. उरला फक्त पहिला `1`. सीएसव्ही वाचणारा प्रोग्रॅम तक्रार करत नाही. स्तंभ पुरेसे आहेत, रकमेच्या जागी आकडा आहे. सव्वाचौदा हजारांच्या बिलाचा एक रुपया झाला आणि पुढच्या सव्वाचारशे ओळी गायब झाल्या, तरी बेरीज निमूटपणे छापली जाते.

सहा वाजून एका मिनिटाने डेटाबेस मोकळा होतो, अहवाल पूर्ण होतो, सिंकथिंगला बदल दिसतो आणि पूर्ण फाइल पलीकडे जाते. आठ वाजता हिशेबनीस फाइल उघडून बघतात, तर ९०० ओळी शाबूत. आकडा चुकला कसा हे कोणालाच कळत नाही, कारण पुरावा काही मिनिटांपुरताच होता.

त्या मानाने एक्सेल किंवा वर्डची फाइल अर्धी येणं बरं. `.xlsx` आणि `.docx` या मुळात झिप फाइली असतात आणि झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. शेपूट नसेल तर फाइल उघडतच नाही, पायथन सरळ `BadZipFile` म्हणून ओरडतो. अर्ध्या जेसनचंही तसंच, कंस बंद होत नाहीत. धोका असतो तो सीएसव्ही, लॉग, साधा मजकूर यांचा, कारण त्यांचा अर्धा भागही वैधच दिसतो. अशा वेळी हाती आलेल्या फाइलचा आकार पाहावा. तो ४०९६ ने निःशेष भागला जात असेल आणि शेवटची ओळ तुटलेली असेल, तर ती मधूनच उचललेली फाइल आहे असं खुशाल समजावं.

उपाय तोच, जो सिंकथिंग पलीकडच्या टोकाला करतं. फक्त तो उगमापाशी करायचा:

```
./ahwal > .vikri.csv.tmp &&
mv .vikri.csv.tmp vikri.csv
```

आधी मूल, मग बारसं. यातली सगळी ताकद नामांतरात आहे. लिनक्स किंवा युनिक्सच्या फाइलप्रणालीत नाव आणि मजकूर या वेगळ्या वस्तू असतात. डिरेक्टरीत फक्त नाव आणि त्याच्यापुढे मजकुराचा क्रमांक नोंदलेला असतो. `rename` मजकुराला हात लावत नाही, तो `vikri.csv` पुढचा क्रमांक बदलतो. पोझिक्स मानकाची यावर अट आहे: हे चालू असताना त्या नावाने फाइल उघडणाऱ्याला एक तर जुनी मिळेल नाही तर नवी, आणि नाव जागेवर नाही असा क्षण येता कामा नये. ज्याने जुनी आधीच उघडली आहे तो ती शेवटपर्यंत निवांत वाचू शकतो. `&&` मुळे अहवाल मध्येच कोसळला तर नामांतर होतच नाही आणि कालची फाइल टिकते.

दोन ओळींचा उपाय, तरी तो फसतो. तात्पुरती फाइल `/tmp` मध्ये करण्याचा मोह हे त्याचं पहिलं कारण. नामांतर एकाच फाइलप्रणालीच्या आतच होऊ शकतं आणि `/tmp` बऱ्याचदा वेगळी असते. पायथनचं `os.replace` अशा वेळी `Invalid cross-device link` म्हणून थांबतं, ते परवडलं. `mv` मात्र मदतीला धावून येतं: नामांतर जमत नाही असं दिसलं की ते मुकाट्याने प्रत काढतं आणि मूळ पुसतं. प्रत काढणं म्हणजे पुन्हा बाइटामागून बाइट लिहिणं, म्हणजे आपण होतो तिथेच. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात किंवा त्याच फाइलप्रणालीत शेजारी हवी.

त्याच फोल्डरात ठेवली की सिंकथिंग तिलाही पलीकडे पाठवू लागतं. म्हणून लिहिणाऱ्या संगणकावरच्या `.stignore` मध्ये `*.tmp` अशी ओळ घालावी. आणि नाव `vikri.tmp.csv` असं ठेवू नये. वाचणारा `*.csv` शोधत असेल तर त्याला तीही सापडेल.

विंडोजवर अडचण निराळी. तिथे कोणी एक्सेलमध्ये `vikri.csv` उघडून बसलं असेल तर नामांतर नाकारलं जातं आणि `PermissionError` येते. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणं एवढंच हाती राहतं.

वीज जाण्याची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि ती लिनक्सच्या जगाने २००९च्या सुरुवातीला चांगलीच अनुभवली. उबुंटूवर ext4 ही नवी फाइलप्रणाली वापरून पाहणाऱ्यांचे संगणक मध्येच बंद पडले, की केडीईसारख्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन परत येत. ext4 वेग वाढवण्यासाठी मजकूर डिस्कवर उतरवणं लांबणीवर टाकत असे, नामांतराची नोंद मात्र आधी उतरत असे. नवं नाव तयार, त्यामागे मजकूर नाही. ext4चे मुख्य विकसक थिओडोर त्सो यांचं म्हणणं असं, की मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री हवी तर प्रोग्रॅमने `fsync` मागायला हवं, मानक तेच सांगतं. वापरणाऱ्यांचं म्हणणं, जुन्या ext3वर हे होत नव्हतं. वाद रंगला. शेवटी त्सो यांनीच लिनक्स २.६.३० मध्ये सुधारणा घातली: जुन्या फाइलवर नामांतर होताना नवा मजकूर लगेच डिस्ककडे ढकलायचा. तांत्रिकदृष्ट्या त्सो बरोबर होते, पण ज्यांची सेटिंगं उडाली त्यांना त्याचं काय! प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मात्र त्या सुधारणेवर विसंबू नये:

```
with open(tmp, "w") as f:
    f.write(text)
    f.flush()
    os.fsync(f.fileno())
os.replace(tmp, final)
```

एवढं केलं की एक फाइल सुरक्षित होते. एकच. अहवालासोबत बारा आलेखांची चित्रं जात असतील, तर प्रत्येक चित्र पूर्ण पोचेल, पण सगळी मिळून एका वेळी पोचतील याची हमी नामांतर देत नाही. यादीची फाइल सर्वांत शेवटी लिहायची ही जुनी युक्ती एका संगणकापुरती चालते. सिंकमध्ये ती फसते, कारण सिंकथिंग मूळ सेटिंगनुसार फाइली कोणत्याही क्रमाने ओढतं. शेवटी लिहिलेली यादी पलीकडे सर्वांत आधी उतरू शकते. तेव्हा यादीत प्रत्येक फाइलचा हॅश लिहावा आणि वाचणाऱ्याने काम सुरू करण्याआधी `sha256sum -c yadi.txt` चालवून सगळे जुळेपर्यंत थांबावं. त्याहून सोपं म्हणजे तेराही फाइली एका `.tar` मध्ये बांधून त्या एकाच गठ्ठ्याचं नामांतर करणं. चित्रं रोज बदलत असतील तर ही दुसरी वाट कमी कटकटीची पडते, मग एका आलेखासाठी सगळा गठ्ठा पुन्हा बांधावा लागला तरी.