स्पर्धकाची गाजलेली कॅरोसेल आणि त्यांखाली अडलेले प्रश्न

एकाच पोस्टमध्ये ओळीने सरकवून पाहायच्या चित्रांच्या मालिकेला इन्स्टाग्रामवर कॅरोसेल म्हणतात. ही सोय २०१७ मध्ये आली तेव्हा एका पोस्टमध्ये १० चित्रं बसत. २०२४ पासून २० बसतात. प्रत्यक्षात माहितीपर कॅरोसेल बहुधा त्याहून बरीच आटोपशीर असतात. जागा थोडी असल्याने करणाऱ्याला विषयाचा एक तुकडा उचलावा लागतो आणि बाकीचा सोडावा लागतो. स्पर्धकाच्या गाजलेल्या कॅरोसेलचा अभ्यास या सोडलेल्या भागासाठी करायचा असतो. पोस्ट गाजली म्हणजे विषयाला वाचक आहे हे सिद्ध झालं. त्या वाचकाचं काय अडून राहिलं, हे शोधणं उरतं.

गाजलेली पोस्ट कोणती, हे नुसत्या लाइकवरून ठरत नाही. पाच लाख अनुयायी असलेल्या खात्यावर दोन हजार लाइक म्हणजे पडलेली पोस्ट. दहा हजारांच्या खात्यावर तोच आकडा मोठा. म्हणून तुलना त्या खात्याची त्याच्याशीच करावी. त्याची अलीकडची चाळीसेक कॅरोसेल घ्यावीत, त्यांच्या लाइकचे आणि टिप्पण्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढावा आणि त्याच्या अडीच-तीनपट गेलेल्या पोस्ट बाजूला काढाव्यात. सरासरी घेतली तर एखादी तुफान चाललेली पोस्ट सगळा हिशोब वर ओढते. मग या निवडीतूनही काही गाळाव्या लागतात. ‘खाली “लिंक” लिहा, पीडीएफ पाठवतो’ असं सांगणाऱ्या पोस्टखाली शेकडो टिप्पण्या असतात, पण त्यांत प्रश्न एकही नसतो. बक्षीस योजना आणि मोठ्या खात्याबरोबर जोडीने टाकलेल्या पोस्टही फसवतात. पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलली जात असल्याची शंका आली, तर सध्या चालू असलेल्या जाहिराती मेटाच्या ‘अ‍ॅड लायब्ररी’त कोणालाही पाहता येतात.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि ते टिप्पण्यांमध्ये असतं. एक उदाहरण घेऊ. समजा, बचतीच्या विषयांवर मराठीत लिहिणाऱ्या एका खात्याचं पीपीएफवरचं कॅरोसेल खूप चाललं. त्यातला मुद्दा खरा आणि नेमका आहे: महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते तिच्यावर मिळतं, म्हणून पैसे ५ तारखेपर्यंत भरावेत. सात चित्रांत उत्तम समजावलं आहे. खाली शेकडो टिप्पण्या आहेत. ‘छान माहिती’, ‘धन्यवाद सर’ आणि हात जोडलेली चिन्हं वगळली की बहुधा पंचवीस-तीस खरे प्रश्न उरतात. ते जसेच्या तसे, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवावेत. आपल्या भाषेत ‘मुदतपूर्तीविषयक शंका’ असं शीर्षक देऊन टाकलं की वाचक विषयाला काय म्हणतो तेच हरवतं. पुढे पहिल्या चित्रावरची ओळ याच शब्दांतून निघणार असते.

या प्रश्नांचे गट पाडले की चित्र दिसू लागतं. काहींची उत्तरं त्याच पोस्टमध्ये असतात. लोकांनी शेवटपर्यंत सरकवलेलंच नसतं. ती पोकळी नव्हे, मांडणीतला दोष. काहींना मालकाने नीट उत्तर दिलेलं असतं. उरतात ते प्रश्न ज्यांना ‘डीएम करा’ एवढंच उत्तर आहे, किंवा दुसऱ्याच वाचकाने काहीतरी ठोकून दिलं आहे, किंवा कोणीच काही बोललेलं नाही. आपल्या उदाहरणात असे प्रश्न दोन जागी गोळा होतात. ‘मुलीच्या नावाने वेगळं खातं काढलं तर आणखी दीड लाख भरता येतील का?’ हा एक. ‘जून २०१० मध्ये खातं काढलं होतं, १५ वर्षं झाली, आता काय करू?’ हा दुसरा, आणि तो वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो.

पहिल्या प्रश्नात विषयाची पोकळी आहे, पण उत्तर एका ओळीचं आहे: अज्ञान मुलाच्या नावाने पालकाने चालवलेलं खातं आणि पालकाचं स्वतःचं खातं मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच. एवढ्यावर कॅरोसेल उभं राहत नाही. दुसरा प्रश्न वेगळा आहे. स्पर्धक पैसे भरणाऱ्याशी बोलतो आहे; विचारणारा मात्र भरून संपवून बसलेला, बहुधा पन्नाशीचा माणूस आहे. विषय तोच, पण बोलायचं कोणाशी हे बदललं. दृष्टिकोनाची पोकळी म्हणतात ती ही, आणि विषयाच्या पोकळीपेक्षा ती बहुतेक वेळा अधिक कामाची ठरते, कारण विषयाची मागणी आधीच सिद्ध झालेली असते.

शिवाय या प्रश्नाच्या पोटात बराच ऐवज आहे. १५ वर्षं खातं काढल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत; ज्या आर्थिक वर्षात ते काढलं, ते वर्ष संपल्यापासून मोजतात. म्हणजे जून २०१० चं खातं ३१ मार्च २०२६ ला पुरं होतं. त्यानंतर ते बंद करता येतं, काहीही न भरता व्याजावर तसंच ठेवता येतं, किंवा पैसे भरत पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. भरत राहायचं असेल तर मुदत संपल्यापासून वर्षभरात ‘फॉर्म ४’ द्यावा लागतो. तो न देता भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, आणि टिप्पण्यांमधले कित्येक जण नेमके तेच करत असतात. फॉर्म देऊन वाढवलेल्या खात्यातून पाच वर्षांत मिळून, त्या मुदतीच्या सुरुवातीला असलेल्या शिलकेच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. आठ चित्रांचं कॅरोसेल इथे तयार आहे. पहिल्या चित्रावर ‘पीपीएफचे नियम’ असं न लिहिता ‘१५ वर्षं झाली, आता काय करू?’ हीच ओळ घ्यावी, आणि दुसऱ्यावर तारीख कशी मोजतात ते. दुसरं चित्रही स्वतंत्रपणे वाचता यावं, कारण पहिल्यावरून पुढे न सरकलेल्या माणसाला इन्स्टाग्राम अनेकदा तीच पोस्ट दुसऱ्या चित्रापासून पुन्हा दाखवतं.

पण पोकळी दिसली म्हणजे ती खरी असेलच असं नाही. स्पर्धकाने तेच उत्तर एखाद्या रीलमध्ये किंवा हायलाइटमध्ये आधीच दिलेलं असू शकतं. ते तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्याच विषयावरच्या त्याच्या पडलेल्या पोस्टही पाहाव्यात. मुदतीनंतरच्या पर्यायांवर त्याने पूर्वी लिहिलं आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही, तर जागा रिकामी असण्याचं कारण वेगळं आहे. एकाच पोस्टखाली एकाच आठवड्यात आलेले प्रश्न बातमीमुळेही येतात. तीन-चार पोस्टखाली, काही महिन्यांच्या अंतराने तोच प्रश्न आला तर तो टिकाऊ समजावा. गूगल किंवा यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘पीपीएफ १५ वर्षं’ एवढं टंकलं की खाली येणाऱ्या सूचनांवरूनही अंदाज येतो.

या पद्धतीला एक मर्यादा राहतेच. पोस्ट किती जणांनी जपून ठेवली, हा आकडा बाहेरच्याला दिसत नाही, आणि माहितीपर कॅरोसेलची किंमत बरीचशी त्यातच असते. टिप्पणी करणारे वाचकांतले अगदी थोडे; कर्जबाजारीपणा, आजार, घरातला वाद अशा विषयांवर तर उघडपणे कोणी विचारतच नाही. तिथे टिप्पण्या मोजून काही हाती लागत नाही.

राहिला उचलेगिरीचा प्रश्न. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. पीपीएफचा विषय, नियम आणि वाचकांचे प्रश्न कोणालाही खुले आहेत. स्पर्धकाची वाक्यं, रेखाटनं आणि तक्ते मात्र त्याचे आहेत, आणि ते उचलल्याची तक्रार झाली तर इन्स्टाग्राम पोस्ट काढून टाकू शकतं.