आकडा कमी, खोली गरम

जुलैतली सकाळ. चिपळूणच्या बाजारपेठेतली एखादी डेअरी डोळ्यासमोर आणा. मागच्या बाजूला आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी छोटी कोल्ड रूम आहे. दाराशेजारच्या कंट्रोलरवर आकडा दिसतोय 8. दह्याला आंबूस वास यायला लागलाय आणि मालक नोकराला सांगतायत, ‘‘अरे, सेटिंग खाली घे. एकवर ठेव.’’ संध्याकाळी तोच आकडा 9 दाखवतो. मग मेकॅनिकला फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, ‘‘गॅस संपला का हो?’’

अशा बहुतेक खोल्यांत गॅस संपलेला नसतो. बंद नळ्यांतून फिरणारा हा गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय नुसता भरून काही उपयोग नाही. पावसाळ्यातल्या या तक्रारीचं मूळ बहुतेकदा दाराच्या रबरात, म्हणजे गॅस्केटमध्ये असतं आणि सेटिंग खाली घेतल्यानं ते आणखी बिघडतं. हे कसं घडतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी या खोलीवर रोज किती उष्णतेचा भार पडतो ते पाहू. वीजबिलावर असतं तेच युनिट मापाला घेऊ. भिंती, छत आणि जमीन 60 मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलची आहेत, बाहेर मे महिन्यातले 38 अंश आणि आत 4 अंश. एवढ्या फरकानं पॅनेलमधून दिवसाला साधारण 9 युनिट उष्णता आत झिरपते. दार उघडलं की आतली थंड हवा पायाशी ओतून जाते आणि वरून बाहेरची हवा आत शिरते. चालत्या दुकानात दिवसभरात खोलीतली सगळी हवा तीसेक वेळा बदलते असं धरलं, तर त्याचे आणखी सातआठ युनिट झाले. आतला पंखा रात्रंदिवस फिरतो, दिवा लागतो, माणूस आत-बाहेर करतो, त्याचे दोन-अडीच. शिवाय गोठ्यावरून आलेलं 30 अंशांचं शंभर लिटर दूध तसंच आत ठेवलं, तर ते 4 अंशांवर आणायला जवळपास 3 युनिट उष्णता काढावी लागते. भिंतींतून आठ तासांत जेवढी येते तेवढी ही एकटी. म्हणून कोमट दूध आधी बर्फाच्या पाण्यात किंवा बल्क कूलरमध्ये थंड करून मगच खोलीत न्यावं. कोल्ड रूम ही थंड माल थंड ठेवण्याची जागा आहे. गरम माल झटपट थंड करण्याची ताकद तिच्यात नसते.

सगळी बेरीज 22 युनिटच्या आसपास जाते. ही बाहेर काढायची उष्णता आहे. त्यासाठी वीज त्याच्या निम्म्याच्या आसपास लागते. आता खरी गोम अशी, की ही उष्णता चोवीस तासांत काढेल असं युनिट बसवायचं नसतं. ती सोळा तासांत काढेल असं बसवायचं असतं. म्हणजे या खोलीला साधारण दीड किलोवॅट गारवा देणारं, अर्ध्या टनाच्या जवळपासचं कंडेन्सिंग युनिट हवं. आणि ही ताकद कुठल्या तापमानाला मोजलेली आहे, हे विकत घेताना विचारून घ्यायचं. आत 4 अंश आणि बाहेर 43 अंश असताना ते किती देतं, हा प्रश्न आहे. घरच्या एसीचा टन इथे लागू पडत नाही.

उरलेले आठ तास युनिट बंद कशासाठी? कॉइलवरचं दव विरघळावं म्हणून. खोली 4 अंशांवर असते तेव्हा छताखालच्या कॉइलचा पृष्ठभाग शून्याच्या खाली, उणे दोन-चार अंशांवर असतो. हवेतली वाफ त्याच्यावर येऊन गोठते. कंप्रेसर थांबला आणि आतला पंखा फिरत राहिला, की खोलीतली 4-5 अंशांची हवाच तो थर वितळवते आणि पाणी ट्रेमधून नळीवाटे बाहेर जातं. शून्याच्या वरच्या खोल्यांत यासाठी वेगळ्या हीटरची गरज सहसा पडत नाही. गरज असते ती कंप्रेसरच्या विश्रांतीची.

आता ते रबर पाहू. दाराच्या बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात दूध सांडून चिकट झालेलं गॅस्केट फाटलंय. दार थोडं खचल्यामुळे वरच्या कोपऱ्यातही ते नीट टेकत नाही. फट जेमतेम तीन मिलिमीटर, लांबी दोन-दोन वितींपेक्षा थोडी जास्त. थंड हवा जड असल्यानं ती खालच्या फटीतून बाहेर पडते आणि वरच्या फटीतून तेवढीच दमट हवा आत ओढली जाते. ढोबळ हिशेबानं या दोन फटींमधून दोन तासांत सगळ्या खोलीची हवा बदलते, म्हणजे दिवसाला बारा वेळा. चिपळूणच्या जुलैत अशी एक अदलाबदल जवळजवळ 200 मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपात आत आणते. बारा वेळांचं सव्वादोन-अडीच लिटर. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे हे रात्रीही चालू राहतं. दुकान बंद असताना, कोणी दार उघडत नसताना कॉइलला जी उसंत मिळायची, तीच हिरावली जाते.

बर्फाचा थर वाढला, की कॉइलच्या पातळ पत्र्यांमधली जागा बुजते आणि पंख्याची हवा आरपार जात नाही. थंडावा बर्फाआडच राहतो आणि खोली 6, 7, 8 अशी चढते. इथे मालकांनी सेटिंग 1 वर आणलं. थर्मोस्टॅटला जोर कमी-जास्त करता येत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी येतात, कंप्रेसर चालू करणं आणि बंद करणं. खोली 1 अंशावर पोहोचायची शक्यताच नाही, म्हणून कंप्रेसर थांबतच नाही. थांबत नाही म्हणून बर्फ वितळत नाही. बर्फ वाढतो आणि आकडा कमी केल्यावर खोली गरम होते. आणि कॉइल साफ झाल्यावर तीच खोली खरंच 1 अंशापर्यंत उतरली, तर वाऱ्याच्या थेट झोतातल्या पिशव्या गोठण्याचा धोका वेगळाच. दूध उणे अर्ध्या अंशाच्या सुमाराला गोठायला लागतं.

पटकन ओळखायचं तर जाळीतून टॉर्च मारून कॉइल बघावी. सगळ्या कॉइलवर सारखा पांढरा थर असेल, तर दमट हवा किंवा बर्फ वितळायला न मिळणारा वेळ हे कारण. कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी असण्याचा संशय घ्यावा आणि मेकॅनिकला बोलवावं.

पहिल्या प्रकारात, माल तात्पुरता बर्फाच्या पेटीत हलवून कंप्रेसर बंद ठेवायचा आणि पंखा चालू ठेवायचा. थर जाड असेल तर कॉइल मोकळी व्हायला काही तास लागतात. घाई असेल तर पंखा बंद करून कोमट पाणी ओतता येतं, मोटरवर मात्र पाणी जाऊ द्यायचं नाही. स्क्रू ड्रायव्हरनं किंवा सुरीनं बर्फ कधीही खरवडू नये. नळीला भोक पडलं तर गॅसही जातो आणि कॉइलही.

मग सेटिंग. 3 अंश आणि डिफरन्शियल 2 ठेवलं, की बऱ्याच कंट्रोलरवर कंप्रेसर 3 ला थांबतो आणि 5 ला सुरू होतो. काहींत ठरवलेला आकडा मधोमध धरतात, म्हणून सोबतचा कागद एकदा वाचावा. डिफरन्शियल अर्ध्या अंशावर आणू नका. कंप्रेसर सारखा चालू-बंद होतो आणि लवकर जळतो. बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी किमान तीन मिनिटांचा विलंब असावा, वीज ये-जा करणाऱ्या गावात तर नक्कीच. सेन्सर कॉइलकडे परतणाऱ्या हवेत असावा. थंड झोताच्या तोंडाशी असेल तर तो खोटा दिलासा देतो. दूध खरंच किती थंड आहे हे पाहायला मधल्या फळीवर पाण्यानं भरलेली बाटली ठेवून तिच्यात साधा थर्मामीटर बुडवून ठेवावा. दार उघडताच पडद्यावरचा आकडा उडतो, बाटलीतला उडत नाही. मालाचं खरं तापमान तिथे कळतं.

बाहेरच्या कंडेन्सिंग युनिटकडेही एक नजर हवी. त्याच्या जाळीवर पिठाची धूळ, कोळिष्टकं, प्लॅस्टिकचे तुकडे बसतात आणि आतून काढलेली उष्णता बाहेर टाकायला त्याला जागा उरत नाही. महिन्यातून एकदा वीज बंद करून मऊ ब्रशनं पत्र्यांच्या रेषेतच झाडावं, आणि समोर क्रेट रचू नयेत.

गॅस्केटची तपासणी एका कागदाच्या पट्टीवर होते. पट्टी दारात अडकवून दार बंद करायचं आणि हळू ओढायचं. ती अडखळत, ओढ घेत निघाली पाहिजे. अलगद सरकली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, आणि चारही कोपऱ्यांत, वीतभर अंतरानं असं करत जायचं. दाराच्या चौकटीवर एकाच जागी दव धरत असेल तर तीही तीच खूण.

रोज रात्री कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडानं घड्यांच्या आतून गॅस्केट पुसावं आणि कोरडं करावं. दुधाचा थर वाळला की रबर चौकटीला चिकटतं आणि दार ओढताना फाटतं. ॲसिड, ब्लीच, थिनर नको. तेल किंवा ग्रीसही नको, बऱ्याच रबरांना ते फुगवतं. चिकटपणा राहिलाच तर टाल्कम पावडरचा हलका हात पुरतो. दबून सपाट झालेलं व्हिनाइलचं गॅस्केट हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेनं बरेचदा परत फुलतं. फाटलेलं मात्र चिकटपट्टीनं कधीच नीट बसत नाही.

नवीन गॅस्केट मागवायच्या आधी बिजागरी पाहावी. या दारांच्या बिजागऱ्या बरेचदा अशा असतात, की उघडताना दार किंचित वर उचललं जातं आणि बंद होताना खाली बसून तळाची पट्टी जमिनीवर दाबतं. स्क्रू ढिले झाले की दार लोंबतं आणि नवं रबरही पंधरवड्यात त्याच कोपऱ्यात फाटतं. बिजागरी घट्ट करून दार काटकोनात आणल्यावर कागदाची चाचणी पुन्हा करावी. तरीही फट राहिली, तर जुन्या गॅस्केटचा तुकडा नमुन्याला घेऊन जावा आणि माप चौकटीत बसणाऱ्या खाचेपासून खाचेपर्यंत द्यावं, रबराच्या बाहेरच्या कडेचं नव्हे. तळाच्या पट्टीचा जीव क्रेट ओढण्यात जातो. उंबऱ्यावरून क्रेट उचलून नेली तर ती कितीतरी जास्त टिकते. आणि दार आतून उघडायची मूठ त्याच वेळी एकदा दाबून पाहावी. ती अडकलेली असेल तर त्या दुरुस्तीआधी कोणालाही आत एकटं पाठवू नये.

भाजीवाल्याच्या खोलीत रबराची काळजी तीच, पण सेटिंग वेगळं. कोथिंबीर, मेथी, पालक 2-3 अंशांवर खूश असतात, टोमॅटो, वांगी, काकडी आणि केळी मात्र त्या थंडीत बिघडतात. साल काळवंडते, डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर माल झपाट्यानं सडतो. त्यांना साधारण 10 ते 13 अंश लागतात. म्हणून दूध आणि भाजी एकाच खोलीत ठेवायचा मोह टाळावा. एकच खोली परवडत असेल तर ती दूध आणि पालेभाजी यांपैकी कशासाठी हे आधी ठरवावं, कारण कांदा-लसणीचा वास दूध आणि लोणी चटकन ओढून घेतात.