फ्रेंच भाषेतील माँ-प्रत्ययान्त क्रियाविशेषणे

माँ-प्रत्ययान्त क्रियाविशेषणे ही फ्रेंच भाषेत विशेषणाला 'माँ' हा प्रत्यय जोडून तयार होणारी अव्यये होत. मराठीत 'स्पष्ट' या विशेषणापासून 'स्पष्टपणे' हे क्रियाविशेषण ज्याप्रमाणे सिद्ध होते, त्याच प्रकारची ही प्रक्रिया आहे. रोमन लिपीत हा प्रत्यय एम, इ, एन आणि टी या चार अक्षरांनी लिहिला जातो. त्यातील अखेरची टी उच्चारली जात नाही, आणि एन स्वतंत्रपणे न उच्चारता आधीच्या स्वराला अनुनासिक करते. या लेखात फ्रेंच शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. जेथे लेखन आणि उच्चार यांतील फरक महत्त्वाचा आहे, तेथे रोमन अक्षरे त्यांच्या इंग्रजी नावांनी सांगितली आहेत.

## उगम

हा प्रत्यय मूळचा प्रत्यय नव्हे. लॅटिन भाषेत 'मेन्स' म्हणजे मन अथवा बुद्धी. संस्कृत 'मति' हा त्याचाच सगोत्र शब्द असून दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. 'मेंते' या त्याच्या रूपाचा अर्थ 'मनाने' असा होतो. 'क्लारा मेंते' म्हणजे 'स्वच्छ मनाने'. मराठीत आजही 'मोकळ्या मनाने', 'जड मनाने' असे म्हटले जाते. लॅटिनमधील रचना नेमकी हीच होती. पुढे तिचा वापर इतका वाढला की 'मन' हा अर्थ विरून गेला आणि उरला तो केवळ 'रीतीने' हा भाव. त्यामुळे ज्याला मनच नाही अशा पावसाविषयी किंवा आगगाडीविषयी बोलतानाही हा प्रत्यय निःसंकोच वापरला जाऊ लागला.

पोर्तुगीज भाषेत, जी गोव्यात 1961 पर्यंत राज्यकारभाराची भाषा होती, या प्रत्ययाचे स्वतंत्र शब्दपण अद्याप पुरते गेलेले नाही. दोन क्रियाविशेषणे 'आणि'ने जोडली असता तेथे प्रत्यय फक्त दुसऱ्याला लागतो आणि पहिले विशेषण स्त्रीलिंगी रूपात मोकळे राहते. मराठीत 'शांत आणि मोकळ्या मनाने' म्हणताना 'मनाने' हा शब्द एकदाच येतो, तसेच हे आहे. फ्रेंचमध्ये ही सवलत नाही. प्रत्यय प्रत्येक वेळी पुन्हा लावावा लागतो.

## विशेषणापासून घडण

'मेन्स' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याच्यासोबतचे विशेषणही स्त्रीलिंगी असे. म्हणून आजही प्रत्यय विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपाला लागतो. 'सावकाश' या अर्थाचे पुल्लिंगी रूप 'लाँ', स्त्रीलिंगी 'लाँत', आणि क्रियाविशेषण 'लाँतमाँ'. 'मृदू' या अर्थाचे 'दू', 'दूस' आणि 'दूसमाँ'. 'स्पष्टवक्ता' या अर्थाचे 'फ्राँ', 'फ्राँश' आणि 'फ्राँशमाँ'. पुल्लिंगी रूपात ऐकू न येणारे व्यंजन स्त्रीलिंगी रूपात प्रकट होते आणि क्रियाविशेषणात ते टिकून राहते. म्हणून पुल्लिंगी रूप तेवढे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे क्रियाविशेषण बनवताना अडचण येते. विशेषण दोन्ही रूपांसह शिकणे हेच येथे श्रेयस्कर.

मराठीभाषकाची येथे एक विशिष्ट फसगत होते. मराठीत 'मुलगा चांगला गातो' आणि 'मुलगी चांगली गाते' अशा वाक्यांत क्रियेची रीत सांगणारा शब्दही कर्त्याप्रमाणे बदलतो. त्या सवयीने 'लाँतमाँ'मधील स्त्रीलिंगी रूप कर्त्री स्त्री असल्यामुळे आले आहे, असा समज होऊ शकतो. वस्तुतः त्या स्त्रीलिंगाचा कर्त्याशी काहीही संबंध नाही. ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'मना'चे लिंग आहे. कर्ता पुरुष असो, स्त्री असो वा अनेक जण असोत, 'लाँतमाँ' बदलत नाही.

ज्या विशेषणाचे पुल्लिंगी रूप स्वरान्त असते, त्याला प्रत्यय थेट लागतो. 'व्रे' (खरा) पासून 'व्रेमाँ', 'पोली' (सभ्य) पासून 'पोलिमाँ', 'आब्सोल्यु' (संपूर्ण) पासून 'आब्सोल्युमाँ'. हा खरे तर अपवाद नाही. पूर्वी येथेही स्त्रीलिंगाचे चिन्ह असलेले इ हे अक्षर लिहिले जात असे. उच्चारातून ते लोपले आणि कालांतराने लेखनातूनही गेले. 'आनंदाने' या अर्थाच्या 'गेमाँ' या शब्दाच्या लेखनात मात्र ते इ अद्याप तग धरून आहे.

## 'आमाँ' अंती असणारी रूपे

पुल्लिंगी रूपाच्या शेवटी 'आँ' हा उच्चार असेल आणि तो ए-एन-टी किंवा इ-एन-टी असा लिहिला जात असेल, तर वेगळी प्रक्रिया घडते. 'कोंस्ताँ' (सतत असणारा) पासून 'कोंस्तामाँ', 'प्र्युदाँ' (सावध) पासून 'प्र्युदामाँ', 'रेसाँ' (अलीकडचा) पासून 'रेसामाँ' ही रूपे होतात. एन-टी जाऊन त्या जागी एम येते व पुढे प्रत्यय लागतो; म्हणजे लेखनात दोन एम दिसतात. मूळ शब्दात ए असेल तर ए-एम-एम आणि इ असेल तर इ-एम-एम असे लिहावयाचे, परंतु उच्चार दोन्हींचा 'आमाँ' असाच. केवळ कानावर विसंबून लिहिणाऱ्याच्या हातून येथे चूक होते, आणि ती टाळण्यासाठी मूळ विशेषणाचे लेखन आठवण्यावाचून उपाय नाही.

या गटात स्त्रीलिंगी रूप का दिसत नाही, याचे कारण लॅटिनमध्ये सापडते. 'प्र्युदाँ'च्या मूळ लॅटिन विशेषणाचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच होते, आणि जुन्या फ्रेंचनेही ती स्थिती राखली होती. याउलट 'लाँ'च्या मूळ लॅटिन विशेषणाला स्वतंत्र स्त्रीलिंगी रूप होते. म्हणून लेखनात इ-एन-टी असूनही 'लाँ'पासून 'लामाँ' न होता 'लाँतमाँ' होते. पाठ्यपुस्तके त्याला अपवाद म्हणून सोडून देतात. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ते अगदी नियमाला धरून आहे. 'प्रेझाँतमाँ' (सध्या) हा मात्र खरा अपवाद होय.

आणखी काही शब्दांत प्रत्ययापूर्वी 'ए' हा स्वर स्पष्ट उच्चारला जातो, जसे 'एनॉर्मेमाँ' (अतोनात) आणि 'प्रेसिझेमाँ' (नेमकेपणाने). 'झाँती' (प्रेमळ) पासून 'झाँतिमाँ' आणि 'ब्रेफ' (संक्षिप्त) पासून 'ब्रिएवमाँ' ही रूपे स्वतंत्रपणेच लक्षात ठेवावी लागतात. 'चांगला' आणि 'वाईट' यांची क्रियाविशेषणे, अनुक्रमे 'ब्याँ' व 'माल', या प्रत्ययाची नाहीतच.

## संयुक्त काळातील स्थान

साध्या काळात हे क्रियाविशेषण क्रियापदाच्या लगेच नंतर येते. 'तो पूर्णपणे विसरतो' याचे फ्रेंच 'इल उब्लि कोंप्लेतमाँ' असे होते, म्हणजे शब्दशः 'तो विसरतो पूर्णपणे'. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत असा शब्द क्रियापदाच्या आधी ठेवता येत असल्याने, या दोन भाषा जाणणाऱ्याला तो फ्रेंचमध्येही आधी ठेवण्याचा मोह होतो. कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घालणे ही फ्रेंचमध्ये उघड चूक आहे.

संयुक्त काळात क्रियापदाचे दोन तुकडे होतात: पुरुष व वचन दाखवणारे सहायक क्रियापद आणि त्यामागून येणारे भूतकालवाचक धातुसाधित. येथे 'क्रियापदानंतर' म्हणजे सहायकानंतर की धातुसाधितानंतर, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर क्रियाविशेषणाच्या अर्थावर अवलंबून आहे.

प्रमाण, पूर्णता अथवा खात्री सांगणारी क्रियाविशेषणे दोहोंच्या मध्ये बसतात. 'तो पूर्णपणे विसरला आहे' या वाक्याचे फ्रेंच 'इल आ कोंप्लेतमाँ उब्लिए' असे होते. शब्दशः पाहिल्यास त्याचा क्रम 'तो – आहे – पूर्णपणे – विसरलेला' असा आहे. मराठी वाक्यातील अखेरचा 'आहे' उचलून कर्त्यानंतर ठेवला की उरलेला क्रम जसाच्या तसा राहतो, ही मराठीभाषकाला सोयीची गोष्ट होय. 'प्रोबाब्लमाँ' (बहुधा), 'सेर्तेनमाँ' (नक्कीच) आणि 'व्रेमाँ' (खरोखर) यांचेही स्थान सामान्यतः हेच. सहायकाचा काळ बदलून 'विसरला होता' किंवा 'विसरला असेल' असे म्हटले, तरी या क्रमात फरक पडत नाही.

क्रियेची रीत सांगणारी क्रियाविशेषणे बहुधा धातुसाधितानंतर येतात. 'तो सावकाश बोलला' म्हणजे 'इल आ पार्ले लाँतमाँ'. 'ती गुपचूप निघून गेली' म्हणजे 'एल ए पार्ती दिस्क्रेतमाँ'. या दुसऱ्या वाक्यात धातुसाधित कर्त्रीनुसार स्त्रीलिंगी लिहिले जाते, क्रियाविशेषण मात्र अविकारी राहते. हा नियम पहिल्याइतका कडक नाही. वाक्यात कर्म असेल तर 'त्याने हळूच दार उघडले' यातील 'दूसमाँ' धातुसाधितापूर्वी, धातुसाधित व कर्म यांच्या मध्ये, किंवा कर्मानंतर, अशा तिन्ही ठिकाणी चालतो. ललित गद्यात तो मध्ये ठेवण्याकडे कल दिसतो.

## स्थानानुसार अर्थभेद

काही शब्द रीतही सांगतात आणि वक्त्याचे मतही. अशा वेळी स्थानावरून अर्थ ठरतो. 'इल आ रेपोंद्यु नात्युरेलमाँ' म्हणजे 'त्याने सहजपणे, कृत्रिमपणा न आणता उत्तर दिले'. तोच शब्द मध्ये ठेवून 'इल आ नात्युरेलमाँ रेपोंद्यु' म्हटले, तर प्राधान्याने 'अर्थातच त्याने उत्तर दिले' असा बोध होतो. 'फ्राँशमाँ' वाक्यारंभी येऊन पुढे स्वल्पविराम असेल, तर 'खरे सांगायचे तर' असा वक्त्याचा अभिप्राय व्यक्त होतो. वाक्याच्या शेवटी आल्यास उत्तर देणाऱ्याचा स्पष्टवक्तेपणा सूचित होतो.

नकारार्थी वाक्यात हा भेद सर्वाधिक तीव्र होतो. फ्रेंच नकाराचा मुख्य शब्द 'पा' हा संयुक्त काळात सहायकानंतर, म्हणजे क्रियाविशेषणाच्याच शेजारी येतो. 'इल ना पा व्रेमाँ कोंप्री' या वाक्यात 'पा' आधी असल्याने 'खरोखर' हा शब्द नकाराच्या कक्षेत सापडतो आणि अर्थ 'त्याला नीटसे समजलेले नाही', म्हणजे थोडेफार समजले आहे, असा होतो. क्रम उलटवून 'इल ना व्रेमाँ पा कोंप्री' म्हटले की 'खरोखर' नकाराच्या बाहेर पडतो व नकारालाच बळ देतो: 'त्याला खरोखरच काहीही समजलेले नाही'. दोन्ही वाक्यांतील शब्द तेच. परंतु शिक्षकाने पालकाला पहिले वाक्य सांगणे आणि दुसरे सांगणे यांत मोठे अंतर आहे. मराठीत हा फरक 'नीटसे' आणि 'खरोखरच' असे शब्द बदलून दाखवावा लागतो, त्यामुळे भाषांतरकाराने 'पा' कोठे आहे हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

## सारखे दिसणारे इतर शब्द

शेवटी हीच चार अक्षरे असलेला प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. 'गुव्हेर्नमाँ' (शासन), 'आपार्तमाँ' (सदनिका) ही नामे आहेत. त्यांतील प्रत्यय 'मेन्स'पासून आलेला नसून, क्रियापदापासून नाम बनवणाऱ्या 'मेंतुम' या निराळ्या लॅटिन प्रत्ययापासून आलेला आहे. अशा शब्दापूर्वी बहुधा 'ल' किंवा 'अँ' यांसारखे उपपद असते, त्यावरून ते ओळखता येतात. 'ते झोपतात' या अर्थाच्या 'इल दॉर्म' या वाक्यातील क्रियापदाच्या लेखनातही शेवटी एम-इ-एन-टी दिसतात. मात्र तेथील इ-एन-टी हे अनेकवचनाचे चिन्ह असून ते मुळीच उच्चारले जात नाही.

उलटपक्षी, काही विशेषणांपासून असे क्रियाविशेषण रूढच झालेले नाही. 'कोंताँ' (संतुष्ट) याला प्रत्यय लावल्यास मिळणारे 'कोंताँतमाँ' हे 'समाधान' या अर्थाचे नाम आहे. अशा ठिकाणी फ्रेंच भाषक 'अमुक प्रकारच्या रीतीने' किंवा 'अमुक चेहऱ्याने' अशी शब्दसमूहाची रचना वापरतात, आणि तिच्यातील विशेषण पुन्हा एकदा सोबतच्या नामाच्या लिंगानुसार चालते.